क्यूआरचे पैसे बँकेत येत नाहीत: पेमेंट कंपनीला मेल नेमका कसा लिहायचा?

प्रश्न: जिंतूर तालुक्यात माझं छोटं कृषी सेवा केंद्र आहे. गेल्या गुरुवारपासून क्यूआरवर आलेले पैसे बँकेत जमाच झाले नाहीत. ॲपमध्ये रक्कम दिसते, साऊंडबॉक्सही बोलतो, पण खात्यात काही नाही. कस्टमर केअरवाले रोज "२४ ते ४८ तास थांबा" म्हणतात. पेरणी तोंडावर आहे, माल उचलायला पैसे भरायचेत. मी मेल केला होता: "सर, माझे पाच दिवसांचे पैसे आले नाहीत, ताबडतोब सोडा, नाहीतर केस करीन." त्यावर नुसता तिकीट नंबर आला. नीट मेल कसा लिहायचा?

उत्तर:

मी परभणीत दुकानदारांचे हिशेब बघतो. त्याआधी चार वर्षं एका पेमेंट कंपनीच्या तक्रार विभागात होतो, म्हणजे असे मेल वाचणाऱ्याच्या खुर्चीत बसलेलो आहे. त्या खुर्चीतून तुमचा मेल कसा दिसतो ते आधी सांगतो. वाचणाऱ्या पोराच्या पुढ्यात दिवसाला शंभरेक तिकिटं असतात. तुमच्या मेलमध्ये ना व्यापारी क्रमांक, ना तारीख, ना रक्कम. तो तुम्हाला शोधणार कसा? तो तयार उत्तर चिकटवतो आणि पुढच्या तिकिटाकडे जातो. "केस करीन" हे त्याला रोज वीसजण म्हणतात, त्यानं तिकीट वर सरकत नाही.

मेल लिहिण्याआधी पैसा नेमका कुठे थांबलाय ते शोधायचं. शेतकरी क्यूआर स्कॅन करतो तेव्हा पैसे सरळ तुमच्या खात्यात येत नाहीत. आधी ते पेमेंट कंपनीनं बँकेत उघडलेल्या एस्क्रो खात्यात, म्हणजे दुकानदारांचा पैसा वेगळा ठेवायच्या खात्यात जातात. कंपनी दिवसभराची बेरीज करते, कापायचं ते कापते आणि बहुधा दुसऱ्या दिवशी एकरकमी तुमच्या खात्यात पाठवते. या पाठवणीला सेटलमेंट म्हणतात. साऊंडबॉक्स बोलतो तो पहिल्या टप्प्याला. म्हणजे क्यूआर तुमचाच आहे, कुणी वर दुसरा स्टिकर चिकटवलेला नाही, एवढं त्यावरून कळतं. दुसऱ्या टप्प्याबद्दल तो काहीच सांगत नाही.

दुसऱ्या टप्प्याचा पुरावा म्हणजे यूटीआर. पैसे बँकेकडे रवाना झाले की त्या पाठवणीला हा क्रमांक मिळतो. ॲपमध्ये सेटलमेंटचा भाग उघडा आणि एकेका दिवसावर बोट ठेवून बघा. यूटीआर असेल तर पैसे कंपनीकडून सुटलेत. तो क्रमांक घेऊन बँकेच्या शाखेत जा आणि जमा झाले की परत गेले ते विचारा. खातं बंद असेल किंवा खातं क्रमांक चुकला असेल तर बँक रक्कम परत पाठवते, आणि ती पुन्हा कंपनीच्या खात्यात जाऊन बसते. केवायसी अपुरं असलेलं जनधनचं "छोटं खातं" असेल तर वर्षाला एकूण १ लाख रुपयेच जमा होऊ शकतात. असं खातं सेटलमेंटला जोडलेलं मी दोन-तीनदा पाहिलंय. यूटीआर नसेल आणि तिथे `On hold` किंवा `Pending` असा काही शब्द असेल, तर पैसे कंपनीनेच थांबवलेत. या दोन्ही अवस्थांचे मेल वेगळे असतात. दोन्ही एकाच वाक्यात कोंबले की तक्रार पातळ होते.

तिसरी एक अवस्था असते, तिचा पेमेंट कंपनीशी संबंधच नाही. पैसे पासबुकात दिसतात, पण काढता येत नाहीत. कुणीतरी फसवणुकीची तक्रार १९३० या सायबर हेल्पलाइनवर केलेली असते आणि त्या पैशाची साखळी तुमच्या खात्यापर्यंत आलेली असते, म्हणून बँकेनं रक्कम गोठवलेली असते. तेव्हा मेल करत बसू नका. शाखेतून तक्रारीचा क्रमांक आणि पोलीस ठाण्याचं नाव लेखी घ्या.

तुमच्यासारखंच एक प्रकरण सेलूकडच्या एका कृषी केंद्राचं माझ्याकडे आलं होतं. मृगाचा पाऊस झाला होता, सोयाबीनच्या पिशव्या भराभर चालल्या होत्या, आणि दुकानदार म्हणत होता, "पाच दिवसांचे २ लाख ८६ हजार अडकले." मी त्याला सेटलमेंटचा अहवाल उतरवून आणायला लावला आणि आम्ही पासबुक शेजारी ठेवून बसलो.

गुरुवार, १२ जूनची जमा ४१,३०० होती. पासबुकात त्या आकड्याचं काही नव्हतं, म्हणून त्यानं तो दिवस अडकलेला धरला. पण शुक्रवारी ३७,६७५ रुपये जमा झालेले होते. एका शेतकऱ्यानं पिशवी परत केली म्हणून २,४०० रुपये ॲपमधूनच परत केले होते, साऊंडबॉक्सचं महिन्याचं भाडं १२५ कापलं गेलं होतं आणि त्यानं कंपनीमार्फत घेतलेल्या कर्जाचा रोजचा हप्ता १,१०० रुपये होता. ४१,३०० मधून ही तिन्ही वजा केली की बरोबर ३७,६७५ उरतात. म्हणजे गुरुवार अडकलाच नव्हता. अडकले होते ते शुक्रवारचे ६८,४५०, शनिवारचे ७२,९००, रविवारचे ५९,२०० आणि सोमवारचे ४४,१५०. एकूण २,४४,७००. या चारही दिवसांना यूटीआर नव्हता.

एका दिवसाच्या चुकीनं काय एवढं बिघडतं, असं वाटेल. बरंच बिघडतं, आणि ते आतून बघितल्याशिवाय कळत नाही. तुम्ही पाच दिवस लिहिले आणि त्यातला एक मिळालेला असला, तर तक्रार विभाग नेमका तोच दिवस उचलतो. "आपली रक्कम जमा झाली आहे, यूटीआर अमुक" असं लिहून तिकीट बंद होतं. उरलेले चार दिवस कुणी बघतच नाही. मीही अशी तिकिटं बंद केलेली आहेत. तेव्हा गल्ल्याच्या वहीशी ताळा न लावता कंपनीच्या अहवालाशी लावा. कंपनीचा दिवस रात्री बारालाच संपतो असंही नाही. काहींचा अकराला संपतो, मग अकरानंतरची जमा दुसऱ्या दिवसात धरली जाते. बँक खात्यातून केलेल्या यूपीआय पेमेंटवर दुकानदाराला कमिशन लागत नाही, हे १ जानेवारी २०२० पासून आहे. तरीही जमेत फरक दिसला तर वर सांगितलेल्या तीन कपाती आधी तपासा.

आता कंपनीनं पैसे कशामुळे थांबवले, हा प्रश्न. सेलूच्या दुकानाची मे महिन्यातली रोजची जमा सरासरी नऊ हजार होती. जूनमध्ये ती सात-आठ पट झाली आणि त्यात ४९ हजारांचा एक व्यवहार होता. आपल्याला माहीत असतं की पेरणीत हेच होतं, पण मुंबई-बंगळूरच्या संगणकाला मृग नक्षत्र माहीत नसतं. त्यात भर म्हणजे क्यूआर चिकटवायला आलेल्या पोरानं दुकानाचा प्रकार "किराणा व जनरल स्टोअर" असा भरला होता, कारण त्याच्या यादीत तो सगळ्यात वर होता. किराणा दुकानात एकदम ४९ हजार आले की जोखीम तपासणारी यंत्रणा थांबा म्हणते.

कंपनीनं कागद मागणारा मेल शुक्रवारीच पाठवलेला होता. तो गेला कुठे? नोंदणी करताना त्या पोरानं ईमेलच्या जागी स्वतःचाच पत्ता टाकला होता. दुकानदाराला ईमेल नाही असं समजून ही मंडळी सर्रास असं करतात. तुमच्या ॲपमध्ये प्रोफाइल उघडून तिथला ईमेल तुमचाच आहे का, ते आज बघा. नसेल तर नोंदलेल्या मोबाइलवर ओटीपी घेऊन तो आधी बदला. अनोळखी पत्त्यावरून आलेल्या मेलला कंपनी खात्याची माहिती देत नाही आणि तसं ते बरोबरही आहे. बँक खातं मात्र या काळात बदलू नका. खातं बदललं की नव्यानं पडताळणी सुरू होते आणि आधीच्या अडवणुकीत दुसरी भर पडते.

सेलूहून गेलेला मेल असा होता. तुमचे आकडे घालून हाच वापरा. फक्त खऱ्या मेलमध्ये सगळे आकडे इंग्रजी अंकांत टाका. मराठी अंकांत लिहिलेला व्यापारी क्रमांक त्यांच्या शोधात सापडत नाही. भाषा मराठी चालते, पण विषयाची ओळ इंग्रजीतही दिलीत तर तिकीट लवकर योग्य माणसाकडे पोचतं.

विषय: १३ ते १६ जून, चार दिवसांचे सेटलमेंट थांबवले आहे, यूटीआर नाही, एकूण २,४४,७०० रुपये, व्यापारी क्रमांक (ॲपवर आहे तसा)

महोदय,

माझ्या दुकानाचे खालील चार दिवसांचे सेटलमेंट खात्यात आलेले नाही. ॲपमध्ये चारही दिवसांची स्थिती `On hold` आहे आणि एकालाही यूटीआर मिळालेला नाही.

शुक्रवार १३ जून: ६८,४५०
शनिवार १४ जून: ७२,९००
रविवार १५ जून: ५९,२००
सोमवार १६ जून: ४४,१५०
एकूण: २,४४,७००

कर्जाचा रोजचा १,१०० रुपये हप्ता वजा जाता मला २,४०,३०० रुपये येणे आहेत. १२ जूनपर्यंतचे सेटलमेंट मिळाले आहे, त्याबद्दल तक्रार नाही. जोडलेले बँक खाते चालू आहे, शेवटचे चार अंक अमुक.

माझे दुकान कृषी सेवा केंद्र आहे. आपल्या नोंदीत ते किराणा दुकान म्हणून आहे, ती नोंद दुरुस्त करावी. जूनमधील वाढ खरीप पेरणीच्या बियाणे व खत विक्रीची आहे. बियाणे व खत विक्रीचे परवाने, पाटीसह दुकानाचा फोटो, पासबुकाचे पहिले पान आणि चार दिवसांतील सर्वांत मोठ्या तीन व्यवहारांची बिले सोबत जोडली आहेत.

कृपया तीन गोष्टी लेखी कळवाव्यात. सेटलमेंट कोणत्या कारणाने व करारातील कोणत्या कलमाखाली थांबवले आहे? आणखी कोणते कागद हवे आहेत, त्यांची एकदाच पूर्ण यादी द्यावी. कागद मिळाल्यापासून किती कामकाजाच्या दिवसांत रक्कम सुटेल?

सेटलमेंट आपणच थांबवल्यामुळे या दिवसांचे कर्जाचे हप्ते कापले गेलेले नाहीत. त्यावर विलंब आकार लावू नये.

पूर्वीचा तिकीट क्रमांक: अमुक. नोंदलेला मोबाइल: अमुक.

मेल इथे संपला. आता त्यातल्या काही जागांबद्दल बोलतो.

"१२ जूनपर्यंतचे मिळाले" हे वाक्य मुद्दाम आहे. त्यानं गुरुवारचा यूटीआर दाखवून तिकीट बंद करायची वाट बुजते. शिवाय हा माणूस अहवाल वाचून लिहितोय, हे समोरच्याला कळतं.

बिलांबद्दल कृषी केंद्रवाले नशीबवान आहेत. कापडवाल्याला तीन ओळींच्या पावतीवर भागवावं लागतं. तुमच्या बियाण्याच्या बिलावर लॉट नंबर असतो, शेतकऱ्याचं नाव-गाव असतं, आणि अनुदानाचं खत असेल तर पॉस मशीनची पावतीही निघते. व्यवहार खरा असल्याचा याहून चांगला पुरावा जोखीम विभागाला कुठे मिळणार? तीन मोठे व्यवहार निवडा आणि प्रत्येक बिलावर त्या पेमेंटचा बारा अंकी यूपीआय क्रमांक पेनानं लिहा, म्हणजे जुळवणी त्यांना करावी लागत नाही. शेतकऱ्याचं आधार मात्र पाठवू नका. तपासणाऱ्याला ते लागत नाही आणि तुम्हाला ते वाटायचा अधिकारही नाही.

"एकदाच पूर्ण यादी" हे शब्द काढू नका. नाहीतर आज परवाना मागतात, दोन दिवसांनी फोटो, मग पासबुक. दर वेळी घड्याळ शून्यापासून चालू होतं.

कलम विचारण्यामागेही कारण आहे. पेमेंट ॲग्रिगेटरनं, म्हणजे दुकानदारांसाठी पैसे गोळा करणाऱ्या अशा पेमेंट कंपनीनं, व्यापाऱ्यांचा पैसा शेड्यूल्ड बँकेतल्या एस्क्रो खात्यात वेगळा ठेवावा, असं रिझर्व्ह बँकेच्या १७ मार्च २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आहे. १५ सप्टेंबर २०२५ च्या नव्या निर्देशांत समोरासमोर, म्हणजे तुमच्या काउंटरवर होणारे व्यवहार घेणारे ॲग्रिगेटरही आले. म्हणून हा पैसा कंपनीचा होत नाही. तो थांबवायचा तर करारातला आधार दाखवावा लागतो. कलम विचारलं की उत्तर साध्या तक्रार विभागाकडून निघत नाही, जोखीम विभागाकडे जातं, आणि आपल्याला तेच हवं असतं.

बरेच दुकानदार मेलमध्ये "रोजचे १०० रुपये दंड द्या" असं लिहितात. तो नियम २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकातला आहे आणि फसलेल्या व्यवहारांचा आहे. ग्राहकाच्या खात्यातून पैसे गेले, दुकानाला पुष्टी आली नाही आणि पाच दिवसांत उलटे फिरले नाहीत, तर भरपाई ग्राहकाला मिळते. तुमचे व्यवहार यशस्वी झालेत, थांबलंय ते सेटलमेंट. चुकीचा नियम दाखवला की समोरचा तेवढाच मुद्दा खोडतो आणि बाकीचं बाजूला राहतं.

मेल पाठवल्यावर रोज नवा मेल करू नका. नव्या मेलला नवं तिकीट लागतं आणि तुम्ही पुन्हा रांगेच्या शेवटी जाता. त्याच धाग्यात उत्तर द्या. दोन कामकाजाच्या दिवसांत कारण कळलं नाही, तर तोच धागा कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे पाठवा. तक्रारीसाठी असा अधिकारी नेमणं आणि तक्रार वर नेण्याच्या पायऱ्या जाहीर करणं कंपनीवर बंधनकारक आहे. त्याचा पत्ता संकेतस्थळाच्या अगदी तळाशी बारीक अक्षरांत सापडतो. कंपनीनं तीस दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या `cms.rbi.org.in` वर तक्रार टाकता येते. फी नाही, चौकशीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. पण पेरणीच्या हंगामात तीस दिवस म्हणजे सगळा हंगामच, म्हणून जोर पहिल्या मेलवर ठेवा.

कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधू नका. "पैसे सोडवून देतो, एवढं ॲप टाका" म्हणणारे तिथेच टपून असतात. नंबर ॲपच्या आतलाच घ्या.

आणि हे आजच करा: काउंटरवरचा तो क्यूआर बाजूला ठेवा. अडवणूक उठेपर्यंत त्यावर येणारा प्रत्येक रुपया त्याच ढिगात जाईल. तुमच्या बँकेच्या ॲपमधून खात्याला थेट जोडलेला क्यूआर काढा, छापा आणि तो लावा. त्याचे पैसे त्याच क्षणी खात्यात येतात. साऊंडबॉक्स बोलणार नाही, त्यामुळे गर्दीत कुणाला तरी मोबाइलवर जमेचा मेसेज बघायला बसवावं लागेल. सेलूवाल्यानं मुलीला बसवलं होतं.

त्याचा मेल मंगळवारी, १७ तारखेला सकाळी गेला. बुधवारी दुपारी उत्तर आलं: दुकानाचा प्रकार जुळत नाही, कीटकनाशकांचा परवानाही पाठवा. तो त्याच धाग्यात तासाभरात गेला. शुक्रवारी संध्याकाळी दोन यूटीआरनं पैसे आले, १,३९,१५० आणि १,०१,१५०. बेरीज बरोबर २,४०,३००. विलंब आकाराचे २३६ रुपये मात्र कर्जाच्या उताऱ्यात लागलेलेच होते. पहिल्या मेलमधलं शेवटचं वाक्य दाखवून त्याच धाग्यात दुसरा मेल केला, तेव्हा ते पुढच्या महिन्यात परत आले.